क्रियापदानंतरचा स्वल्पविराम

प्रश्न: मी सोलापुरातून शेंगा चटणी आणि कडक भाकरी पुण्याला पाठवते. सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच असतात. मुलगी म्हणते, ‘आई, तुझं वाक्य संपलं तरी तू स्वल्पविराम देऊन पुढचं सुरू करतेस.’ मागच्या शुक्रवारी अशाच मेसेजने घोळ झाला, गिऱ्हाइकाचा मुलगा एक दिवस आधीच पुणे स्टेशनवर जाऊन थांबला. मेसेज असा होता: ‘काकू चटणी तयार आहे, कडक भाकरी उद्या होतील, सकाळी दादा हुतात्माने पुण्याला येतोय, त्याच्याकडे देते, पैसे आले नाहीत, बघा’. पूर्णविराम कुठे द्यायचा, ‘आणि’, ‘पण’ कुठे घालायचं आणि अर्धविराम कधी? शिवाय पूर्णविराम टाकला की मी रागावलेय असं वाटतं, त्याचं काय?

ताई, तुमचा मेसेज मी आधी कागदावर उतरवून घेतला आणि क्रियापदांखाली रेघा ओढल्या. छापखान्यात आणि नंतर एका दैनिकात मी अठ्ठावीस वर्षं प्रुफं वाचली. एखादा मजकूर डोक्यात शिरेना की पहिल्यांदा हेच करायचे. तुमच्या मेसेजमध्ये रेघा आल्या सहा: आहे, होतील, येतोय, देते, आले नाहीत, बघा. स्वल्पविराम आले पाच, आणि पाचही अगदी या रेघांना चिकटून. पूर्णविराम एकही नाही. गंमत नाही, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ज्या एका जागी स्वल्पविराम हवाच होता, म्हणजे ‘काकू’ या हाकेनंतर, तिथेच तो नाही.

मुलगी म्हणते ते बरोबर आहे. पण तिने दाखवलेली चूक ओळखायला मराठीत फार व्याकरण लागत नाही. आपल्या भाषेत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं. इंग्रजीत ते मध्येच कुठेतरी बसतं, त्यामुळे तिथे वाक्य कुठे संपलं ते शोधावं लागतं. इंग्रजीच्या वर्गात या चुकीला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात आणि मुलांना ती ओळखायला महिने लागतात. आपल्याकडे मात्र ‘होतील’ म्हटलं की वाक्याचं दार लागलं. म्हणून मी नवीन माणसाला एकच खूण सांगायचे: क्रियापदानंतर स्वल्पविराम दिसला की बोट तिथे ठेवा आणि थांबा. तो चूकच असेल असं नाही. पण तपासायची जागा तीच.

इथे एक फसगत होते, ती आधीच सांगते. ‘भाकरी झाल्यावर, मी निघते’ यातलं ‘झाल्यावर’ क्रियापदासारखं दिसतं, पण त्याने वाक्य पुरं होत नाही. ‘करून’, ‘जाताना’, ‘आल्यावर’, ‘दिल्याशिवाय’ ही सगळी त्याच घरातली. ओळखायची सोपी रीत अशी: तेवढंच म्हणा आणि गप्प बसा. ‘भाकरी झाल्यावर’ एवढंच म्हणून तुम्ही गप्प बसलात तर समोरची बाई ‘मग काय?’ म्हणेल. ‘भाकरी झाल्या’ म्हणून गप्प बसलात तर ती ‘बरं’ म्हणेल. ‘बरं’ येतं तिथे वाक्य संपलं. तिथला स्वल्पविराम संशयाचा.

उलटी फसगतही आहे. मेसेजमध्ये आपण ‘आहे’ गाळतो. ‘चटणी तयार, भाकरी उद्या, दादा गावी’ यात क्रियापद दिसतच नाही, तरी वाक्यं तीन आहेत. ‘आहे’ किंवा ‘होतील’ मनात लावून वाचलं की ती वेगळी होतात.

आता स्टेशनवर उभ्या राहिलेल्या मुलाकडे येऊ. घोळ नेमका कुठे झाला ते नीट बघितलं की पुढचं सगळं सोपं जाईल.

तुमच्या मनात होतं ते असं: आज शुक्रवार. भाकरी उद्या, म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत होतील. दादा रविवारी सकाळच्या हुतात्माने निघेल. पण तुम्ही लिहिलंत ‘उद्या होतील, सकाळी दादा’. स्वल्पविराम वाचणाऱ्याला एवढंच सांगतो की बोलणं अजून चालू आहे, श्वास फार लांब घेऊ नका. त्यामुळे काकूंनी ‘उद्या’ हातात धरूनच ‘सकाळी’ वाचलं. ‘उद्या सकाळी दादा येतोय’. वाचणाऱ्याची यात चूक नाही. मागचा शब्द पुढच्यावर सांडतो तो असा. पूर्णविराम असता तर ‘उद्या’ मागच्या वाक्यात कोंडला गेला असता, आणि ‘सकाळी’ने सुरू होणारं नवं वाक्य बघून तुम्हालाच प्रश्न पडला असता की कुठल्या सकाळी? पूर्णविरामाने वार सांगितला नसता हे खरं. पण वार राहिलाय हे त्याने दाखवलं असतं.

असाच एक प्रसंग माझ्या हातून घडलेला आहे आणि तो मला अजून टोचतो. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाण्याच्या सूचनेतला वार म्हणजे घराघरातलं वेळापत्रक. एका वसाहतीची छोटी सूचना माझ्याकडे प्रुफाला आली होती: ‘शनिवारी पाणी येणार नाही, रविवारी, सोमवारी नेहमीच्या वेळेला येईल.’ शुद्धलेखन बघितलं, ‘नेहमीच्या’ची दुसरी वेलांटी तपासली आणि पुढे सोडली. दुसऱ्या दिवशी निम्म्या लोकांनी रविवारी पाणी भरायला भांडी काढली आणि निम्म्यांनी काढली नाहीत. ‘रविवारी’ हा शब्द दोन स्वल्पविरामांमध्ये अडकला होता. मागच्या ‘येणार नाही’ला जोडा, अर्थ लागतो. पुढच्या ‘येईल’ला जोडा, तरी लागतो. ‘शनिवारी पाणी येणार नाही. रविवारी आणि सोमवारी नेहमीच्या वेळेला येईल.’ एवढंच करायचं होतं. तेव्हापासून दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये वार, वेळ किंवा गावाचं नाव स्वल्पविरामांत तरंगताना दिसलं की मी ते सोडत नाही. तुमच्यासारख्या ऑर्डरीच्या मेसेजमध्ये सगळा धोका याच तीन शब्दांत असतो.

तर उपाय तीन आहेत, पण ते एकमेकांच्या जागी वापरायचे पर्याय नाहीत. प्रत्येक जागी आधी एक प्रश्न विचारायचा: या दोन वाक्यांचं एकमेकांशी नातं काय? नातं काहीच नसेल, विषयच बदलला असेल, तर पूर्णविराम. नातं असेल आणि ते वाचणाऱ्याला कळणं गरजेचं असेल, तर ते नातं सांगणारा शब्द, म्हणजे उभयान्वयी अव्यय. नातं उघड असेल, शब्दाने सांगायची गरज नसेल, आणि तरी दोन्ही वाक्यं एका ताटात ठेवायची असतील, तर अर्धविराम. यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला तर विणकर दोन टोकं नुसती शेजारी ठेवत नाही, गाठ मारतो. स्वल्पविरामाने जोडलेली दोन वाक्यं म्हणजे शेजारी ठेवलेली टोकं. दिसायला जोडलेली, ओढली की सुटी.

पूर्णविरामाबद्दल तुमची शंका मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती खरी आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले होते. त्यात एकाच शब्दाचं उत्तर होतं, काहींत पूर्णविरामासह, काहींत त्याशिवाय. फोनवरचा मेसेज म्हणून दाखवलं तेव्हा पूर्णविराम असलेलं उत्तर मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तेव्हा असा फरक दिसला नाही. हे इंग्रजीतलं आहे, पण ‘बरं’ आणि ‘बरं.’ यातला फरक आपल्यालाही जाणवतोच. ‘ठीक आहे.’ असं सुनेनं लिहिलं तर सासू दोनदा वाचते.

पण बघा, हा सगळा राग शेवटच्या पूर्णविरामात आहे, आणि तोही एक-दोन शब्दांच्या उत्तरात. दोन वाक्यांच्या मधला पूर्णविराम कुणाला रागाचा वाटत नाही. ‘चटणी तयार आहे. उद्या पाठवते’ हे वाचून कुणाला वाईट वाटेल? म्हणून घरगुती मेसेजमध्ये माझी रीत अशी आहे की मधले पूर्णविराम सगळे देते आणि मेसेजच्या अगदी शेवटचा गाळला तरी चालतो असं मानते. मेसेज तिथे संपलाच आहे, वाचणाऱ्याला ते दिसतं. छापील मजकुरात हे मी कधीच चालू दिलं नसतं, पण मेसेजची कड स्वतःच विरामचिन्हाचं काम करते.

याच कारणाने कितीतरी लोक पूर्णविरामाऐवजी ओळ मोडतात. तेही चांगलंच. फक्त एक ध्यानात ठेवा. फोनच्या वरच्या पट्टीवर मेसेजची झलक येते तिथे मोडलेल्या ओळी बऱ्याचदा एकापुढे एक येऊन मिळतात. ‘भाकरी उद्या होतील’ आणि ‘सकाळी दादा येतोय’ या दोन ओळी तिथे परत गळ्यात गळे घालतील. घाईतलं गिऱ्हाईक तेवढीच झलक वाचून कामाला लागतं. म्हणून ओळ मोडा, पण ज्या ओळीत वार, वेळ किंवा रक्कम आहे तिच्या शेवटी पूर्णविरामही द्या. आणि तो टिंबाचाच द्या. काही कीबोर्डांवर उभा दंड येतो, तो हिंदीच्या सवयीचा. आजच्या मराठी गद्यात आपण टिंब वापरतो.

आता जोडणारे शब्द. इथे जरा रेंगाळते, कारण स्वल्पविराम सोडायला लागलेले लोक पहिल्यांदा इथेच अडकतात. ते प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी ‘आणि’ घालतात. ‘चटणी तयार आहे आणि भाकरी उद्या होतील आणि दादा येतोय आणि पैसे आले नाहीत’. व्याकरणाने यात चूक नाही, पण ‘आणि’ने नातं काहीच सांगितलं नाही. ‘आणि’ फक्त बेरीज करतो. तुमच्या पहिल्या दोन वाक्यांत बेरीज नाही, विरोध आहे: एक गोष्ट झाली, दुसरी व्हायची आहे. तिथे ‘पण’ हवा. ‘दादा येतोय’ आणि ‘त्याच्याकडे देते’ यात कारण आणि परिणाम आहे. तिथे ‘म्हणून’ हवा. शब्द बरोबर निवडला की वाचणाऱ्याला पुढचं वाक्य वाचायच्या आधीच त्याची दिशा कळते. बोलताना हे काम आवाज करतो, म्हणून बोलताना आपल्याला या शब्दांची उणीव भासत नाही. आणि म्हणूनच बोलल्यासारखं लिहिणाऱ्यांच्या मेसेजमध्ये स्वल्पविराम जास्त सापडतात.

मात्र ‘पण’ला आपल्याकडे दोन अर्थ आहेत, आणि हे इंग्रजीचे नियम वाचून कुणाला कळणार नाही. ‘पण’ म्हणजे परंतु. आणि ‘पण’ म्हणजे सुद्धा. ‘दादा पण येतोय’ मधला ‘पण’ सुद्धाचा, ‘पण दादा येतोय’ मधला परंतुचा. पूर्ण क्रियापद असलं की गोंधळ होत नाही: ‘चटणी तयार आहे पण भाकरी व्हायच्या आहेत’ इथे ‘आहे पण’ म्हणजे ‘आहे सुद्धा’ असं कुणी वाचणार नाही. पण मेसेजमध्ये आपण क्रियापद गाळतो आणि मग हे होतं: ‘भाकरी उद्या पण चटणी आज’. पहिले तीन शब्द वाचेपर्यंत काकूंना वाटणार की भाकरी आजही मिळतील, उद्या पण मिळतील. शेवटचा शब्द आल्यावर त्यांना मागे जावं लागणार, आणि घाईत कुणी मागे जात नाही. क्रियापद गाळलेलं असेल तेव्हा ‘पण’च्या आधी चिन्ह दिलंच पाहिजे: ‘भाकरी उद्या, पण चटणी आज’. किंवा क्रियापद परत आणा: ‘भाकरी उद्या होतील पण चटणी आज देते’. सुद्धाचा अर्थ हवा असेल तर मी मेसेजमध्ये सरळ ‘सुद्धा’ किंवा ‘ही’ वापरते. ‘दादाही येतोय’. वाद मिटला.

‘तेव्हा’चंही थोडंसं असंच आहे. ‘दादा रविवारी येतोय, तेव्हा डबे त्याच्याकडे देते’ यातला ‘तेव्हा’ म्हणजे ‘म्हणून’ की ‘त्या वेळी’? इथे दोन्ही अर्थांनी डबे दादाकडेच जातात, त्यामुळे बिघडत नाही. पण ‘पैसे सोमवारी येतील, तेव्हा माल पाठवा’ यात बिघडतं. माल आता पाठवायचा की सोमवारी? कारण सांगायचं असेल तर ‘म्हणून’ लिहा आणि ‘तेव्हा’ वेळेसाठी राखून ठेवा.

जोडशब्दाच्या आधी स्वल्पविराम द्यायचा का, हेही विचारलं जाईल. दोन्ही वाक्यं चार-पाच शब्दांची असतील तर ‘आणि’, ‘पण’च्या आधी काही दिलं नाही तरी चालतं. वाक्य लांबलं की ‘म्हणून’, ‘पण’ यांच्या आधी स्वल्पविराम द्या, वाचणाऱ्याला श्वास मिळतो. हा क्रियापदानंतरचा स्वल्पविराम असूनही चूक नाही, कारण आता जोडायचं काम शब्द करतोय. स्वल्पविराम फक्त जागा करून देतोय.

अर्धविरामाला लोक घाबरतात, आणि त्याचं एक कारण शाळेत आहे. मराठीच्या तासाला आपल्याला शिकवलं जातं की दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडली असतील तर अर्धविराम द्यावा. म्हणजे अर्धविराम आणि ‘पण’ दोघे शेजारी. इंग्रजीच्या तासाला शिकवतात की अर्धविराम बहुधा जोडशब्दाच्या ऐवजी येतो. म्हणजे एक आला की दुसरा गेला. एकाच दिवशी, एकाच वर्गात मूल या दोन गोष्टी ऐकतं आणि पुढे आयुष्यभर ते चिन्हच टाळतं. तुम्ही मराठीत लिहिताना दोन्ही प्रकारे लिहू शकता. ‘चटणी तयार आहे; पण भाकरी व्हायच्या आहेत’ हे आपल्या शालेय व्याकरणाला धरून आहे. ‘चटणी आज; भाकरी उद्या’ हेही मराठी छपाईत सर्रास दिसतं. अट एकच: अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना एकेकटं उभं राहू शकेल असं काहीतरी हवं, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींच्या जोडीच्या हव्यात.

खरं सांगायचं तर एक-दोन ओळींच्या घरगुती मेसेजमध्ये अर्धविरामाची गरज क्वचितच पडते. तिथे पूर्णविराम आणि ‘पण’ यांनी नव्वद टक्के काम होतं, असा माझा अंदाज. अर्धविराम तुमच्या धंद्यात खरा कामाला येईल तो यादीत. दादाला तुम्ही असं लिहीत असाल: ‘कोथरूडला चटणी १ किलो, भाकरी ३०, हडपसरला चटणी अर्धा किलो, भाकरी २०, पिंपरीला भाकरी ५०’. हे स्टेशनच्या गर्दीत उभं राहून वाचून बघा. ‘भाकरी ३०, हडपसरला’ असं तोंडात येतं. आतले स्वल्पविराम आणि बाहेरचे स्वल्पविराम सारखेच दिसतात, त्यामुळे एका घराचा डबा कुठे संपला ते कळत नाही. आता हे बघा: ‘कोथरूडला चटणी १ किलो, भाकरी ३०; हडपसरला चटणी अर्धा किलो, भाकरी २०; पिंपरीला भाकरी ५०.’ घरातल्या भिंतीला स्वल्पविराम आणि दोन घरांमधल्या भिंतीला अर्धविराम. याच्यात कुठेही गाळलेलं क्रियापद परत आणायची गरज पडत नाही. मराठी कीबोर्डवर ते चिन्ह बहुधा आकड्यांच्या पानावर असतं, एकदा बोटाला जागा माहीत झाली की झालं.

आता तुमचा मेसेज एका बैठकीत नीट करू.

‘काकू’ ही हाक आहे, तिच्यानंतर स्वल्पविराम. हा स्वल्पविराम त्याच्या हक्काच्या जागी. मग ‘चटणी तयार आहे’ आणि ‘कडक भाकरी उद्या होतील’. नातं विरोधाचं, म्हणून ‘पण’. क्रियापद पुरं आहे त्यामुळे ‘पण’च्या आधी चिन्ह नसलं तरी गैरसमज नाही. ‘होतील’नंतर विषय बदलतो, माल होण्याकडून माल पोचण्याकडे जातो. तिथे पूर्णविराम. पूर्णविराम दिल्यावर उघडा पडलेला ‘सकाळी’ आपल्याला वार मागतो, तो देऊ: ‘रविवारी सकाळी’. पुढे ‘येतोय’ आणि ‘त्याच्याकडे देते’ यात कारण-परिणाम, म्हणून ‘म्हणून’. आणि काय देते तेही लिहू, कारण काकूंना चटणी आधी वेगळी मिळेल की काय, हे मूळ मेसेजमध्ये कळतच नव्हतं.

राहिले पैसे. ‘पैसे आले नाहीत, बघा’ यात ‘बघा’चे दोन अर्थ होतात. एक हुकूम किंवा विनंती: जरा तपासा. दुसरा आपल्या बोलण्यातला नुसता टेकू, ‘असं आहे बघा’ मधला. स्वल्पविरामामुळे तो टेकूसारखाही वाचला जातो, आणि मग वाक्याचा सूर तक्रारीचा होतो. तुम्हाला तपासायलाच सांगायचं होतं, तर त्याचं स्वतंत्र वाक्य करा आणि प्रश्न करा. शिवाय पैशाचा विषय मालाच्या शेपटीला बांधू नका. वेगळा मेसेज करा, किंवा निदान वेगळी ओळ.

‘काकू, चटणी तयार आहे पण कडक भाकरी उद्या दुपारी होतील. दादा रविवारी सकाळच्या हुतात्माने पुण्याला येतोय, म्हणून दोन्ही डबे त्याच्याकडेच देते.
पैसे अजून आलेले दिसत नाहीत. एकदा बघाल का?’

शब्द थोडेच वाढले. स्वल्पविराम पाचाचे दोन झाले आणि दोघांनाही स्वतःचं काम आहे. अर्धविराम आलाच नाही, कारण त्याला इथे जागा नव्हती. तीनही उपाय प्रत्येक मेसेजमध्ये दिसलेच पाहिजेत असं नसतं.

या मागे लागून सगळेच स्वल्पविराम उपटू नका, हेही सांगायला हवं. क्रियापदानंतरचा स्वल्पविराम बरोबर असतो अशा जागा आहेत. ‘जर पाऊस थांबला, तर निघते’, ‘जेव्हा दादा येईल, तेव्हा देते’ या जोड्यांत पहिलं वाक्य दुसऱ्याची वाट बघत असतं. तिथे पूर्णविराम दिला तर उलट वाक्य तुटेल. ‘तो म्हणाला, मी येतो’ इथेही तसंच. भराभर घडलेल्या छोट्या क्रिया एका दमात सांगायच्या असतील तर ‘आला, बसला, चहा प्यायला, गेला’ हेच चांगलं. इथे पूर्णविराम दिले तर बिचारा पाहुणा चार वेळा थांबून थांबून जाईल. म्हणी तर स्वल्पविरामावरच उभ्या असतात. ‘नाव मोठं, लक्षण खोटं’ मध्ये ‘पण’ घालून बघा, म्हणीचा कणा मोडतो. ‘हो, येते’ मध्येही काही बिघडलेलं नाही. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: नातं इतकं उघड आहे की वाचणारा चुकूच शकत नाही. तुमच्या शुक्रवारच्या मेसेजमध्ये तसं नव्हतं.

बोलीचंही भय बाळगू नका. ‘काय करलालाव’ लिहिणाऱ्या सोलापूरच्या बाईने ‘काय करत आहात’ लिहावं असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. विरामचिन्हं प्रमाण मराठीची मालमत्ता नाहीत. किंबहुना ती मूळची आपलीही नाहीत. मोडीतल्या जुन्या पत्रांत शब्द सलग लिहिलेले असत, आजच्यासारखी चिन्हं नसत. एकोणिसाव्या शतकात छापील मराठी घडत असताना ती इंग्रजीवरून आली आणि मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली. कोशकार मोल्सवर्थ यांच्याबरोबर काम केलेले ते हेच कँडी. आज आपण जे शासनमान्य शुद्धलेखनाचे १८ नियम पाळतो ते अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ अशा गोष्टींचे आहेत. स्वल्पविराम कुठे द्यावा याचा नियम त्यांत नाही. म्हणून कुणी तुम्हाला ‘हे नियमात नाही’ म्हणालं तर घाबरू नका. कसोटी वाचणाऱ्याला काय कळलं याची.

शेवटी मेसेज गेल्यावर चूक दिसली तर. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो, त्याच्याखाली छोटासा ‘एडिटेड’ शब्द दिसतो. फक्त विरामचिन्ह चुकलं असेल आणि काकूंनी अजून वाचलं नसेल तर तसं करा. पण त्यांनी वाचलेलं दिसत असेल, आणि प्रश्न वार, वेळ किंवा पैशाचा असेल, तर मागचा मेसेज मागच्या मागे दुरुस्त करू नका. त्या परत वर जाऊन बघणार नाहीत. अख्खं वाक्य नव्याने पाठवा: ‘काकू, दादा रविवारी सकाळी येतोय. उद्या नाही.’ या शेवटच्या ‘नाही’नंतर पूर्णविराम खुशाल द्या. इथे तो थोडा कडक वाटला तरी चालेल.